भिंतीचा दोन ऋतूंचा जबाब

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाचा तांबूस-तपकिरी रंग आज तिची ओळख झाला आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जपणाऱ्या या वास्तूचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ती पूजेसाठी खुली झाली. तिच्या बहुतेक भिंती जांभ्या चिऱ्यांच्या आहेत. दर्शनी बाजूच्या कोरीव कामासाठी वसईकडून आणलेला काळा बेसाल्ट वापरला आहे. पण ही वास्तू पहिली साडेतीन शतकं तांबडी नव्हतीच. समोरच्या से कॅथेड्रलसारखी तीही चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी बाहेरचा गिलावा काढायला लावला. उघडा दगड अधिक प्राचीन दिसतो, अशी त्या काळातली आवड होती.

तेव्हापासून दर पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस थेट जांभ्यावर पडतो आहे. २०२०मध्ये बॅसिलिकाच्या धर्मगुरूंनीच भिंती झिजत असल्याची जाहीर तक्रार केली आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही, हा वाद नव्याने पेटला. वाद रंगाचा, श्रद्धेचा, पर्यटकांच्या सवयीचाही आहे. पण त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. भिंत किती झिजली, हे कशाच्या तुलनेत ठरवायचं? त्यासाठी आधीच्या अवस्थेची अशी नोंद लागते, की आज दुसऱ्या कुणी त्याच ठिकाणी उभं राहून तीच गोष्ट पुन्हा मोजावी. अशा नोंदीला संवर्धन क्षेत्रात अवस्था-अहवाल म्हणतात.

हा अहवाल म्हणजे दुरुस्तीचं अंदाजपत्रक नव्हे, आणि ‘इमारत धोकादायक आहे’ असा दाखलाही नव्हे. त्यात प्रामुख्याने तीन लक्षणं येतात: भिंतींना गेलेले तडे, भिंतीवर फुटणारा पांढरा लोणा, आणि शेवाळापासून पिंपळापर्यंतची सगळी हिरवळ. तिन्ही गोष्टी कुणालाही दिसतात. म्हणूनच त्या वाईट पद्धतीने नोंदणं फार सोपं असतं. ‘उत्तरेच्या भिंतीला ओल व शेवाळ, काही ठिकाणी तडे, त्वरित दुरुस्ती आवश्यक’ हे वाक्य महाराष्ट्र-गोव्यातल्या कितीतरी फायलींमध्ये सापडेल. ते खोटं नसतं. दहा वर्षांनी मात्र त्याचा काडीचा उपयोग नसतो.

चांगल्या अहवालाची पहिली शिस्त म्हणजे दिसलं ते एका जागी आणि वाटलं ते दुसऱ्या जागी लिहिणं. याचं उत्तम उदाहरण रोममध्ये आहे. सेंट पीटर्सच्या प्रचंड घुमटाला गेलेल्या तड्यांमुळे १७४२च्या सुमारास पोपने तीन गणितज्ञांना पाचारण केलं. त्यांनी तड्यांची यादी केली आणि घुमट स्वतःच्या भाराने खालचा दंडगोल बाहेर ढकलतो आहे, असा निष्कर्ष काढला. पुढे पादुआच्या जिओव्हानी पोलेनी यांनी तेच तडे पुन्हा तपासले आणि १७४८च्या आपल्या ग्रंथात तक्त्यांवर रेखाटले. त्यांचं निदान वेगळं होतं. घुमट कोसळायच्या बेतात आहे, हे त्यांना पटलं नाही. उपाय मात्र दोघांचा जुळला: घुमटाभोवती लोखंडी कड्या. कारणाबद्दल मतभेद असतानाही तड्यांच्या नोंदी टिकल्या आणि आजही त्या आधाराला घेता येतात. ‘घुमट ढकलला गेल्याने पडलेले तडे’ अशीच मूळ नोंद असती, तर निदान चुकल्याबरोबर नोंदही बाद झाली असती.

म्हणून निरीक्षणाच्या पानावर ‘खचल्यामुळे तडा’ किंवा ‘गळतीमुळे शेवाळ’ असं लिहायचं नाही. तडा कुठून कुठे जातो, किती रुंद आहे, शेवाळ कोणत्या रंगाचं आणि किती पसरलं आहे, एवढंच लिहायचं. कारणांसाठी पुढे स्वतंत्र प्रकरण असतं. शब्दांनीही घोळ होतो. एकाचा ‘तडा’ दुसऱ्याची ‘भेग’ असतो, एकाचा ‘लोणा’ दुसऱ्याचा ‘पांढरा डाग’. म्हणून इकोमॉस या जागतिक संस्थेच्या दगडविषयक समितीने २००८मध्ये सचित्र शब्दावली काढली. तिने दगडाच्या बिघाडांचे पाच गट केले: तडे व विरूपण, थर सुटणं, झीज, रंगबदल व साचणं, आणि सजीवांची वाढ. केसासारखा तडा म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा, असं तिथे ठरवून दिलं आहे. मराठीत अहवाल लिहिणाऱ्याने निदान स्वतःची शब्दसूची सुरुवातीला जोडावी आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्याच इमारतीतला एक फोटो द्यावा.

जांभ्याच्या बाबतीत हे फारच गरजेचं ठरतं. जांभा मुळातच सच्छिद्र असतो. त्याच्या पोकळ्यांत पांढरट-पिवळी माती असते आणि उघड्या चिऱ्यातली ती माती पाऊस धुऊन नेतो. बेसाल्ट पाहायला सवयलेला माणूस जांभ्याचं नैसर्गिक छिद्र ‘झीज’ म्हणून नोंदवतो. उलट, कोकणात वाढलेला माणूस खरी झीजही ‘जांभा असाच असतो’ म्हणून सोडून देतो. यावर उपाय म्हणजे इमारतीतच कुठे तरी पावसापासून वाचलेला, धडधाकट चिरा शोधायचा आणि अहवालात त्याची प्रमाण म्हणून नोंद करायची. मग बाकीच्यांची तुलना त्याच्याशी.

नोंद पुन्हा सापडावी यासाठी जागेचा पत्ता लागतो. बहुधा प्रत्येक भिंतीला दिशेचं अक्षर देतात, खिडक्या-खांबांमधल्या भागांना खण म्हणून क्रमांक देतात आणि उंची जोत्यापासून मोजतात. मग ‘प-३, १.१० मीटर’ म्हणजे पश्चिम भिंतीचा तिसरा खण, जोत्यापासून एक मीटर दहा सेंटिमीटर वर. फोटो भिंतीला काटकोनात, मोजपट्टी आणि रंगपट्टी सोबत ठेवून घ्यायचा, आणि कुठे उभं राहून घेतला तेही आराखड्यावर दाखवायचं. कामाचा अर्धा वेळ यातच जातो आणि ते कुणालाच आवडत नाही. पण पत्ता नसलेला तडा पुढच्या तपासनिसाला सापडत नाही. सापडला, तर तो तोच आहे याची खात्री नसते.

तड्याची नोंद त्यातल्या त्यात सोपी. पारदर्शक पट्टीवर वेगवेगळ्या जाडीच्या रेषा छापलेल्या असतात. ती तड्यावर धरून रुंदी वाचतात. मात्र एकच आकडा पुरत नाही. वरच्या टोकाला, मध्यभागी आणि खालच्या टोकाला रुंदी वेगळी असते आणि तो फरकच बोलका असतो. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक खूण करून तारीख लिहितात, म्हणजे तो लांबला तर कळतं. कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतील, तर तो अलीकडचा. आत जुन्या रंगाचे ओघळ, कोळिष्टकं, धूळ असेल, तर तो अनेक वर्षांचा पाहुणा. तो सांध्यांमधून पायऱ्यांसारखा उतरतो की चिरे फोडून जातो, भिंतीच्या आतल्या बाजूलाही दिसतो का, हेही पाहायचं.

लोणा आणि शेवाळ यांच्याकडे येताच कॅलेंडर महत्त्वाचं होतं. कोकणातले बरेच अहवाल इथेच फसतात.

लोणा म्हणजे भिंतीतल्या पाण्याबरोबर वाहत येऊन पृष्ठभागावर स्फटिकरूप झालेले क्षार. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. खाली आली की पुन्हा स्फटिक बनतं. किनारपट्टीवर पावसाळ्यात आर्द्रता बराचसा काळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे जुलैत तपासणी केली तर भिंत ओली दिसेल, पण लोणा दिसणारच नाही. तीच भिंत फेब्रुवारीत पांढरीफटक असेल. दर फेरीला स्फटिक दगडाच्या छिद्रांच्या आत वाढून भिंतींवर दाब देतात, आणि चिरा पिठासारखा सुटू लागतो. सर्वांत घातक क्षार तर वर दिसणारे नसतातच. ते पृष्ठभागाच्या आत, काही मिलिमीटरवर साचतात आणि वरची कवचपट्टी ढकलून देतात. बोटाने हलकं वाजवून पाहिलं की तिथे पोकळ आवाज येतो.

शेवाळाचं गणित नेमकं उलटं. ऑगस्टमध्ये हिरवंगार दिसणारं एप्रिलमध्ये काळं, कोरडं, मेल्यासारखं असतं. हा काळा थर अनेकदा धुराची काजळी किंवा वाहनांची घाण म्हणून नोंदवला जातो. खात्री करायला पाण्याचा हलका फवारा मारून काही मिनिटं थांबावं आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहावं. नीलहरित शैवाल असेल तर थर फुगून हिरवट होतो; काजळी काळीच राहते. कोकणातल्या भिंतींवर आणि माडांवर दिसणारा नारिंगी मखमली थरही असाच फसवतो. तो गंजाचा डाग वाटतो, पण असतं एक शैवालच, आतल्या नारिंगी रंगद्रव्याने हिरवा रंग झाकलेलं. दगडफूल आणखी निराळं. गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातकुळीतलं, पण दगडाला घट्ट चिकटून कवचासारखं वाढणारं दगडफूल खरवडलं, तर त्याच्याबरोबर दगडाचे कणही निघून येतात. म्हणून नोंदीत केवळ ‘शेवाळ’ लिहून भागत नाही. थर, दगडफूल, मॉस, नेचे, मुळं धरणारी झाडं, हे वेगवेगळं लिहावं लागतं, कारण भिंतीला होणारी इजाही वेगळी आणि उपायही वेगळा.

म्हणूनच किनारपट्टीवरच्या जुन्या इमारतीची तपासणी निदान दोनदा व्हावी, एकदा भर पावसात आणि एकदा कोरड्या थंडीत. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता आणि आधीच्या काही दिवसांतला पाऊस लिहावा. खर्च वाढतो, हे खरं. पण एका फेरीचा अहवाल म्हणजे साक्षीदाराचा अर्धाच जबाब.

हे सगळं एका भिंतीवर एकत्र कसं येतं, ते पाहू. पुढची भिंत बॉम जेझूची नाही. कोकणातल्या एखाद्या जांभ्याच्या छोट्या चॅपेलची किंवा देवळाची असावी, अशी समजावण्यापुरती घेतलेली आहे. पश्चिमेकडची भिंत, तिसरा खण, मधोमध खिडकी. खिडकीच्या वरून कॉर्निसपर्यंत एक तडा जातो. कॉर्निसजवळ १.४ मिलिमीटर, मध्ये ०.६, आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्याशी केसाएवढा. खिडकीखाली तो नाही. कॉर्निसच्या सांध्यात बोटाएवढ्या खोडाचा पिंपळ आहे. तड्याच्या बाजूने, कॉर्निसपासून खाली चाळीस सेंटिमीटर रुंदीचा काळा पट्टा उतरतो. फवारा मारल्यावर तो हिरवट होतो. खिडकीखाली पूर्वी कधी तरी सिमेंटचा गिलावा लावलेला चौकोनी तुकडा आहे. फेब्रुवारीत त्याच्या चारही कडांवर लोण्याची चौकट दिसते, तुकड्यावर मात्र नाही. शिवाय जोत्यापासून अर्धा ते एक मीटर उंचीवर लोण्याचा आडवा पट्टा आहे. जुलैच्या पानावर यातला लोणा कुठेच नाही.

आता आराखडा. खणाचं एक मोजमापी रेखाचित्र काढून त्याच्या तीन प्रती करतात: एकीवर फक्त तडे, दुसरीवर क्षार, तिसरीवर सजीव वाढ. पूर्वी हे पारदर्शक कागदावर करत, आता संगणकावर थर म्हणून करतात. वेगळं काढण्यामागे हेतू असा, की एकाच चित्रात सगळं कोंबलं की डोळा सवयीने कथा जोडू लागतो. तिन्ही थर एकावर एक ठेवल्यावर जे जुळतं, ते निदानाच्या प्रकरणाकडे न्यायचं.

या खणात काळा पट्टा आणि तडा दोन्ही कॉर्निसच्या एकाच ठिकाणाहून सुरू होतात. वर चढून पाहिल्यावर तिथे पन्हळ फुटलेली आढळते. तडा वर रुंद आणि खाली निमुळता. कोपरा खचला तरी तडा असाच वर उघडू शकतो, म्हणून ती शंकाही लिहून ठेवायची आणि तपासायची. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जोत्याची पातळी घेतली, तर ती दोन्ही टोकांना सारखी येते. खिडकीखालीही तडा नाही. त्यामुळे पाया खचल्याची शक्यता मागे पडते आणि पिंपळाच्या मुळाने कॉर्निसचे चिरे बाजूला सारले, हे कारण पुढे येतं. अहवालात याच्यापुढे ‘संभाव्य’ लिहायचं, ‘निश्चित’ नाही. निश्चित म्हणायला तड्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या धातूच्या खुंट्या बसवून त्यांच्यामधलं अंतर वर्षभर, दर काही आठवड्यांनी, व्हर्निअरने मोजावं लागेल. भिंत उन्हाने तापते-निवते तसा तडाही किंचित उघडतो आणि मिटतो. सोबत तापमान लिहिलं नाही तर हा ऋतुमानाचा श्वासच वाढ म्हणून नोंदला जातो.

लोण्याच्या दोन पट्ट्यांचं कारण एक नाही. नमुना कोरड्या मऊ ब्रशने झाडून बाटलीत घेतात. पाण्याने पुसलं की क्षार पुन्हा भिंतीत शिरतात, आणि सफाईच्या उत्साहात नेमकं हेच केलं जातं. चाचणीपट्ट्यांवर खालच्या पट्ट्यात क्लोराइड आणि नायट्रेट सापडले, तर जमिनीतून चढणारी ओल आणि पूर्वीचा गोठा किंवा शौचकूप यांचा संशय घ्यावा. वरच्या चौकटीत सल्फेट सापडलं, तर त्या सिमेंटकडे बोट जातं. सिमेंट स्वतः असे क्षार घेऊन येतं, आणि भिंतीतलं पाणी त्याच्या दाट थरातून बाहेर पडू शकत नसल्यामुळे ते कडांवर वाळतं. दुरुस्तीनेच शेजारचे चिरे खाल्लेले असतात. भिंतीतली ओल मोजताना आणखी एक सापळा आहे. दोन सुयांचं नेहमीचं ओलमापक विजेचा प्रवाह मोजतं, आणि क्षारही वीज वाहून नेतात. त्यामुळे लोणा असलेली भिंत असेल त्यापेक्षा ओली दाखवली जाते. खरी ओल हवी असेल तर छोटा नमुना काढून तो वजन करून, वाळवून, पुन्हा वजन करावा लागतो. संरक्षित स्मारकात त्यासाठीही परवानगी लागते.

यानंतर वर्गवारी. युरोपात २०१२पासून ‘ईएन १६०९६’ हे मानक आहे. त्यात अवस्थेला शून्य ते तीन असे वर्ग आहेत, आणि तातडीला स्वतंत्रपणे शून्य ते तीन. ही फारकत शहाणपणाची आहे. आपल्या खणात सर्वांत वाईट दिसतो तो खालचा लोण्याचा पट्टा. त्याला अवस्थेत दोन देता येतील. पन्हळ मात्र जमिनीवरून दिसतसुद्धा नाही. तरी तातडीचे तीन गुण तिलाच, कारण येत्या पावसात काळा पट्टा, पिंपळाचं पाणी आणि तड्यात झिरपणारी धार, सगळं तिथूनच येणार. ‘किती खराब’ आणि ‘किती लवकर’ हे दोन प्रश्न एकाच आकड्यात कोंबले, तर पैसा दिसणाऱ्या डागाकडे जातो.

अहवालात एक भाग सगळ्यात कमी लिहिला जातो: काय पाहता आलं नाही. परात नसल्यामुळे मनोऱ्याचा वरचा भाग दुर्बिणीतूनच पाहिला. वेदीमागची भिंत कपाटांमुळे झाकलेली होती. गिलाव्याखालचे चिरे तपासलेले नाहीत. लिहिणाऱ्याला यात कमीपणा वाटतो. वाचणाऱ्याला मात्र कोरी जागा म्हणजे ‘सगळं ठीक’ असं वाटतं. जुन्या गोव्यातच सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा ४६ मीटर उंच मनोरा आज एकटा, अर्धवट उभा आहे. १८४२मध्ये त्या चर्चचं छत कोसळलं, १९३१मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा भाग पडला. उंचावरचं, न पाहिलेलं बांधकाम बाद समजून चालत नाही.

शिफारशींचं पान शेवटी येतं आणि ते क्रमाने लिहावं लागतं, कारण कामं एकमेकांवर अवलंबून असतात. आपल्या खणात आधी पन्हळ. मग पिंपळ कापणं; मूळ ओढून काढायचं नाही, नाही तर त्याने कवटाळलेले चिरे बरोबर येतात. कापल्यावर मूळ मारण्याचा उपाय करायचा आणि ते सुकल्यावर तेवढे चिरे उतरवून पुन्हा चुन्यात बसवायचे. सिमेंटचा तुकडा हलक्या हाताने काढून तिथे चुना. भिंत सुकायला एक पूर्ण कोरडा हंगाम द्यायचा आणि तोवर बाहेर येणारा लोणा दर पंधरवड्याला झाडून गोळा करायचा. शेवाळावर रसायन मारायचं की नाही, हे पन्हळ दुरुस्त झाल्यानंतरच्या पावसाळ्यात पट्टा परत येतो का ते पाहून ठरवायचं. तडा भरण्याच्या ओळीपुढे पहिल्या वर्षी रक्कम लिहायची नसते. तिथे खुंट्यांच्या पुढच्या वाचनाची तारीख आणि ते कोण घेणार त्याचं पद असतं.